सौम्य संधिवात आणि खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम : गुडघा किती दुखलेला चालतो?

नागपुरातील प्रतापनगरला राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या ५९ वर्षांच्या एका काकूंच्या गुडघ्याला सौम्य झीज आहे. दिवाणावरून उठताना गुडघा दुखतो म्हणून त्यांनी उठबस कमी केली होती. अशाने मांडीचा पुढचा स्नायू आणखी दुबळा होतो आणि तोच भार सांध्याला अधिक जाणवतो. मी त्यांना नेमकी ती उठबसच, पण मोजून, करायला सांगितली.

खुर्ची भिंतीला टेकवावी, पावले नितंबाइतक्या अंतरावर ठेवावीत, छाती थोडी पुढे झुकवून उठावे आणि तीन आकडे मोजत सावकाश बसावे. गुडघे आत झुकू देऊ नयेत. आठ ते दहा वेळा, मध्ये दोन मिनिटे थांबून अशा दोन-तीन फेऱ्या, आठवड्यात तीन दिवस, एक दिवस आड करून, एवढे पुरते. आसन जितके उंच तितका गुडघा कमी वाकतो, म्हणून भार कमी-जास्त करण्याची खरी किल्ली उंची हीच आहे.

पहिल्या दिवशी साध्या खुर्चीवरून उठताना काकूंनी दुखणे दहापैकी सहा सांगितले. आसनावर दोन घडी केलेल्या गोधड्या ठेवल्या, तेव्हा ते तीनवर आले. शून्य म्हणजे अजिबात न दुखणे आणि दहा म्हणजे कल्पनेतले सर्वांत तीव्र दुखणे. व्यायाम करताना दोनपर्यंतचे दुखणे निर्धास्तपणे चालते, तीन ते पाच असेल तर लक्ष ठेवून चालू ठेवता येते, पण पाचच्या वर गेल्यास उंची वाढवावी. मात्र त्या क्षणाच्या आकड्यापेक्षा दुसऱ्या सकाळकडे मी अधिक लक्ष देतो. चोवीस तासांत दुखणे नेहमीच्या पातळीवर आले, तर भार झेपला असे समजावे. मांडीत एक-दोन दिवस राहणारा ठणका स्नायूचा असतो, त्याची सांध्याच्या दुखण्याशी गल्लत करू नये.

चौथ्या आठवड्यात उत्साहाच्या भरात काकूंनी दोन्ही गोधड्या एकदम काढल्या. व्यायाम करताना दुखणे चारच होते, पण दुसऱ्या सकाळी गुडघा फुगलेला होता आणि जिना उतरताना दुखणे सहावर गेले. व्यायाम कायमचा न सोडता सूज उतरेपर्यंत दोन दिवस विश्रांती घेतली आणि मग एका गोधडीवरून पुन्हा सुरुवात केली. ती दोन आठवडे ठेवून, शेवटच्या दोन उठबशाही सहज होऊ लागल्यावरच दुसरी काढली. त्यानंतर भार वाढवायचा तर दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्याव्यात.

गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल, लाल-गरम होऊन सुजला असेल किंवा सोबत ताप असेल, तर हा हिशेब लागू पडत नाही, तेव्हा आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.