आज कितवी माळ? नवरात्राचे साहित्य घेणाऱ्या ग्राहकांसाठी

नवरात्रात दुकानात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. घोटाळाही इथेच होतो. घट बसल्याच्या तारखेपासून बोटांवर दिवस मोजले जातात, पण देवीची रूपे तिथीप्रमाणे असतात आणि तिथी कधी वाढते, कधी क्षय पावते.

2025 चे शारदीय नवरात्र पाहा. घटस्थापना 22 सप्टेंबरला झाली. तृतीया 24 आणि 25 अशी दोन दिवस होती, म्हणून दोन्ही दिवशी चंद्रघंटेचीच पूजा आणि कूष्मांडा 26 ला. बोटांवर मोजल्यास आठवा दिवस 29 ला येत होता. त्या दिवशी मात्र सप्तमी, म्हणजे कालरात्री. महागौरीची अष्टमी 30 ला आणि सिद्धिदात्रीची नवमी 1 ऑक्टोबरला. माळ रोज एक चढते, म्हणून त्या वर्षी माळा दहा लागल्या. तिथीचा क्षय असेल तर एकाच दिवशी दोन माळा चढवतात.

रोजची पूजा मोठी नसली तरी चालते. घटावर माळ चढवावी, त्या तिथीच्या रूपाचे नाव घेऊन ‘ॐ देवी शैलपुत्र्यै नमः’ अशा पद्धतीने हळद-कुंकू, फूल वाहावे, नैवेद्य दाखवून आरती करावी. वर्तमानपत्रातले नऊ रंग वारांवरून ठरतात. त्यांवरून रूप ठरवू नये.

चुकीचा खरा फटका कुमारिका पूजनाला बसतो. गजरे एक दिवस आधी येतात आणि सुकतात, किंवा मुली दुसऱ्या घरी जेवायला गेलेल्या असतात. म्हणून आम्ही मागणी घेताना तारखेबरोबर तिथीही विचारतो. थोडा वेळ जातो, पण पुढची धावपळ वाचते. पूजन अष्टमीला की नवमीला, हे आपल्या कुळाचाराप्रमाणे ठरवा.

कुमारिका दोन ते दहा वर्षांच्या असाव्यात. पाय कोमट पाण्याने धुऊन नीट पुसावेत, मगच पावलांवर कुंकवाचे स्वस्तिक काढावे. ओल्या पायावर कुंकू ओघळते आणि फ्रॉकला लागते. मग हळद-कुंकू, गजरा, जेवण, शेवटी भेट व दक्षिणा. गजरा वीतभरच घ्या, लांब गजरा लहान केसांत टिकत नाही. नऊ मुलींना दीड लिटर दुधाची खीर आणि अर्धा किलो कणकेच्या छोट्या पुऱ्या पुरतात.

आमच्या कुमारिका संचात हळद-कुंकू, नऊ गजरे, नऊ रुमाल आणि बांगड्या असतात. बांगड्यांसाठी मुलींची वये लिहून द्या. तीन वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या मुलीचे माप एक नसते. संचाची मागणी पंचमीपर्यंत नोंदवा, गजरे पूजनाच्याच सकाळी मिळतील.