कॅरिंथिया सार्वमत (१९२०)

ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्य मोडल्यानंतर ऑस्ट्रिया आणि नवे युगोस्लाव्ह राज्य (सर्ब, क्रोएट व स्लोव्हीन यांचे राज्य) यांच्यातील सीमा ठरवण्यासाठी १० ऑक्टोबर १९२० रोजी कॅरिंथिया या आजच्या ऑस्ट्रियातील प्रांताच्या दक्षिण भागात झालेले मतदान. जुन्या साम्राज्याच्या बहुतेक सीमा परिषदेच्या मेजावर किंवा सैन्याच्या बळावर ठरल्या. इथे मात्र रहिवाशांना विचारले गेले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये साम्राज्य कोसळताच या प्रांतात लढाई पेटली आणि जून १९१९ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याने क्लागेनफुर्ट हे मुख्य शहरही घेतले. सप्टेंबर १९१९ च्या सँ-जर्मेन तहाने वादग्रस्त खोऱ्याचे दोन विभाग केले. दक्षिणेकडील ‘अ’ विभाग युगोस्लाव्ह प्रशासनाखाली आणि शहरासह ‘ब’ विभाग ऑस्ट्रियाकडे राहिला. आधी ‘अ’ ने मत द्यायचे आणि तो युगोस्लाव्हियाच्या बाजूने गेला, तरच ‘ब’ मध्ये मतदान घ्यायचे, असे ठरले. मेझित्सा खोरे मात्र मतदानाविनाच युगोस्लाव्हियाला आणि कनालताल हा भाग इटलीला मिळाला.

१९१० च्या जनगणनेनुसार ‘अ’ विभागात सुमारे ७० टक्के लोक स्लोव्हीन भाषक होते. त्यामुळे निकाल आधीच ठरलेला वाटत होता. प्रत्यक्षात २२,०२५ मते ऑस्ट्रियाला आणि १५,२७९ युगोस्लाव्हियाला पडली, म्हणजे ऑस्ट्रियाला सुमारे ५९ टक्के. सर्व जर्मन भाषकांनी ऑस्ट्रियाला मत दिले असे धरले, तरी त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपासच भरतो. उरलेली मते स्लोव्हीन घरांतूनच आली असणार. ‘ब’ मध्ये मतदान घेण्याची वेळच आली नाही.

याचे कारण बरेचसे भूगोलात आहे. दक्षिणेला कारावांकन पर्वताची भिंत, उत्तरेला क्लागेनफुर्टची बाजारपेठ. शेतकऱ्याचा माल, कर्ज, कोर्टकचेरी सारे त्याच शहराशी बांधलेले. दोन विभागांमधली रेषा बंद असताना या तुटलेपणाचा अनुभव गावांनी घेतलाच होता. शिवाय एकीकडे प्रजासत्ताक, तर दुसरीकडे राजेशाही व सक्तीची लष्करी सेवा, हा फरक प्रचारात ठळकपणे मांडला गेला. निकालानंतर युगोस्लाव्ह सैन्य पुन्हा ‘अ’ विभागात शिरले, पण दोस्त राष्ट्रांच्या दबावामुळे त्याला मागे फिरावे लागले.

मतदानापूर्वी स्लोव्हीन भाषकांना त्यांची भाषा आणि संस्कृती जपण्याची आश्वासने देण्यात आली होती; ती नीट पाळली गेली नाहीत. ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणाऱ्या १९५५ च्या ऑस्ट्रियन राज्य-तहाच्या सातव्या कलमात या अल्पसंख्याकांचे हक्क नोंदवले गेले. तरीही १९७२ मध्ये दोन भाषांतले गावनामांचे फलक जमावांनी उखडून टाकले. फलकांचा वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटला आणि १६४ ठिकाणी द्विभाषिक फलक लावण्याचे ठरले. १० ऑक्टोबर हा दिवस कॅरिंथियात आजही प्रांतीय सुट्टीचा आहे.