शब्बाथ

शब्बाथ म्हणजे ज्यू धर्मातील सातव्या दिवसाची सक्तीची विश्रांती. ती शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होते आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपते. बहुतेक ख्रिस्ती पंथ रविवार पाळतात.

हा शब्द ‘थांबणे’ या अर्थाच्या ‘शावत्’ या हिब्रू धातूशी जोडतात. बॅबिलोनी पौर्णिमेच्या ‘शपत्तू’ या नावातून तो आला, असेही एक मत आहे. परंतु शपत्तू चंद्राला बांधलेला आहे. शब्बाथ चंद्राची पर्वा न करता दर सातव्या दिवशी येतो. त्यामुळे शब्द जवळचे असले तरी प्रथा उसनी मानणे अवघड जाते. बायबलमध्येही या आज्ञेची दोन कारणे आहेत : ‘निर्गम’ या पुस्तकात देवाने सृष्टी घडवल्यावर घेतलेली विश्रांती, तर ‘अनुवाद’ या पुस्तकात इजिप्तच्या गुलामीतून झालेली सुटका.

मनाई नेमकी कशाला, हे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात येते. तेथे कामाचे ३९ प्रकार दिले आहेत. कष्ट ही त्यांची कसोटी नाही : दोन अक्षरे लिहिणे वर्ज्य, पण घरातल्या घरात जड बाक सरकवणे चालते. चूल पेटवता येत नाही, म्हणून शनिवारचे जेवण आदल्या दिवशीच शिजवून गरम ठेवतात. जिवावर बेतले, तर मात्र हे नियम बाजूला पडतात.

ख्रिस्ती रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून सुरू झाला. सुमारे १५० मध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. त्यात वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस आहे. विश्रांतीचा उल्लेख नाही. काम थांबले ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या ३२१ च्या फर्मानाने. त्याने न्यायालये आणि शहरांतील कारखाने बंद ठेवले, शेतकऱ्यांना मात्र मोकळीक दिली. म्हणून रविवारला ‘बदललेला शब्बाथ’ म्हणणे या पहिल्या काळापुरते तरी सयुक्तिक वाटत नाही. ती कल्पना पुढे, विशेषतः १७ व्या शतकातील प्युरिटन या कडक इंग्लिश ख्रिस्ती गटात, बळावली. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स चर्च दोन्ही दिवस मानते, तर सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट शनिवारच पाळतात.

उतारा

कोकणातील बेने इस्रायल हे ज्यू लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू ग्रंथ त्यांच्या हाती फार उशिरा आले. तोवर मिश्नातील ३९ प्रकार त्यांना माहीत असण्याचा संभव कमीच. तरी बंद घाण्यावरून गावाला त्यांचे वेगळेपण कळत होते.

प्रश्न

१. ‘शनवार तेली’ हे नाव कशावरून पडले?
२. त्यांच्या शब्बाथाला ग्रंथाचा आधार किती होता? उताऱ्यावरून सांगा.
३. हा तेली ३२१ मध्ये रोमन शहरात असता, तर त्याला कोणत्या दिवशी घाणा बंद ठेवावा लागला असता आणि कोणत्या दिवशी त्याने तो स्वतःहून बंद ठेवला असता?