डोक्याला मार: कोमा स्केल आणि बाहुल्यांची तपासणी

ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे वॉर्डात सगळे ज्याला जीसीएस म्हणतात ते, ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलं. पेशंट किती शुद्धीवर आहे हे तीन गोष्टींवरून ठरवतात, डोळे उघडणं ४ पैकी, बोलणं ५ पैकी, हालचाल ६ पैकी, म्हणून बेरीज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ येते. पण नुसती बेरीज लिहू नका, तिन्ही आकडे वेगळे लिहा, कारण तीच बेरीज अगदी वेगळ्या अवस्थांमध्येही येऊ शकते.

एक नमुना केस घेऊ. हेल्मेट नसलेला तरुण बाईकवरून पडलाय, मार उजव्या कानशिलावर. रात्री १० वाजता डोळे ४, बोलणं ४ (तारीख वार चुकतोय), हालचाल ६, म्हणजे १४. बाहुल्या दोन्ही ३ मिमी, टॉर्च मारला की पटकन आकसतात. साडेदहाला १५, गप्पा मारतोय, नातेवाईक म्हणतात घरी नेऊ का. साडेअकराला डोकं खूप दुखतंय, उलटी झाली, हाक मारली तरच डोळे उघडतो, बोलणं परत गोंधळलेलं, म्हणजे ३, ४, ६, एकूण १३. बाहुल्या अजून नॉर्मलच. आणि इथेच बरेच विद्यार्थी फसतात, बाहुल्या ठीक आहेत म्हणून थांबतात. थांबायचं नाही, डॉक्टरला याच वेळी बोलवायचं, सीटी याच वेळी.

पुढच्या वीस मिनिटांत डोळे २, बोलणं २, हालचाल ५, एकूण ९. उजवी बाहुली ५ मिमी, प्रकाशाला मंद, डावा हात ढिला. कवटीच्या हाडाखालची धमनी फाटून रक्त साठलंय, त्या दाबाने मेंदूचा आतला भाग खाली सरकून तिसरी नस चेपतोय आणि बाहुली आकसवणारे धागे त्याच नसेतून जातात. म्हणून बाहुली सहसा मार लागलेल्या बाजूची मोठी होते आणि अशक्तपणा उलट्या बाजूला येतो. हे उशिराचं लक्षण आहे, शुद्ध आधी घसरते.

हालचालीतला ५ आणि ४ यातला फरक नीट बघा. भुवईखाली, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेला दाबल्यावर हात गळपट्टीच्या हाडाच्या वर, दाबाकडे आला तर ५, कोपर वाकवून नुसता झटकन मागे घेतला तर ४. दोन बाजू वेगळ्या असतील तर चांगल्या बाजूचा आकडा धरतात, म्हणून इथे उजव्या हाताचा ५ लिहिला, पण डावा ढिला आहे हे शेजारी वेगळं लिहायलाच हवं, नाहीतर ते आकड्यात लपून जातं.

घशात ट्यूब असेल किंवा डोळे सुजून बंद असतील तर तिथे १ देऊ नका, तपासता येत नाही असं लिहा. बाहुल्यांमध्ये १ मिमीपर्यंतचा फरक काही लोकांना जन्मापासूनच असतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्याला थेट मार किंवा बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स यांनीही फरक दिसतो, म्हणून नातेवाईकांना विचारून पहिल्याच नोंदीत लिहून ठेवा. दारू प्यायलेल्याचा कमी आकडा दारूच्या नावावर टाकू नका.