रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने नाडी पाहावी की दम?

रक्तदाबाची गोळी घेत व्यायाम करणाऱ्या अनेकांना मनगटावरचे घड्याळ रोज सांगते, की तुमचा व्यायाम फारच हलका चालला आहे. ते ऐकून वेग वाढवणारेही पुष्कळ आहेत. घड्याळाने ठोके बहुधा बरोबर मोजलेले असतात. चुकते ते ज्या उद्दिष्टाशी त्यांची तुलना होते ते. हे उद्दिष्ट बहुतेक वेळा २२० मधून वय वजा करून काढलेले असते. एकाच वयाच्या निरोगी माणसांतही कमाल ठोक्यांत दहा-बाराचा फरक सहज पडतो, त्यामुळे या सूत्रावर रंगवलेल्या ‘चरबी जाळणाऱ्या’ पट्ट्यांना जाहिरातीपलीकडे फारसा अर्थ नाही. बीटा ब्लॉकर गटातली गोळी, म्हणजे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा बिसोप्रोलॉल, चालू असेल तर हे सूत्र पूर्णच कोलमडते. टेल्मिसार्टन किंवा ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल मात्र ठोके कमी करू शकतात.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील साइनस नोड ठोक्यांची लय ठरवतो. त्याला चेतासंस्थेपासून वेगळे केले तर तो स्वतःच्या लयीत मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. विश्रांतीत आपली नाडी सत्तरच्या आसपास असते, कारण व्हेगस हा चेतातंतू त्याला सतत आवरून धरत असतो. आपण चालू लागतो तेव्हा मेंदू आधी व्हेगसचा हा लगाम सैल करतो. श्रम आणखी वाढले की नॉरॲड्रेनलिन आणि ॲड्रेनलिन ही संदेशवाहक रसायने साइनस नोडवरच्या बीटा ग्राहकांना, म्हणजे त्यांचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात आणि ठोके १०० च्या बरेच पुढे नेतात. बीटा ब्लॉकर त्याच ग्राहकांवर ठाण मांडतो. म्हणून गोळी घेणाऱ्याची नाडी सुरुवातीला बऱ्यापैकी वाढते, पण वरच्या टप्प्यात अडखळते. विश्रांतीतली नाडीही खाली येते. शरीर याची काही भरपाई करते: दोन ठोक्यांमधला वेळ वाढल्याने हृदय अधिक भरते आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकते, तर स्नायू त्याच रक्तातून अधिक ऑक्सिजन काढून घेतात. म्हणजे काम होते, ठोके मात्र तेवढे वाढत नाहीत.

समजा, ५४ वर्षांचे एक गृहस्थ मेटोप्रोलॉल घेतात. सूत्राप्रमाणे त्यांचे कमाल ठोके १६६ आणि मध्यम व्यायामाचा पट्टा त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे १०६ ते १२६. गोळी घेऊन केलेल्या ट्रेडमिल चाचणीत मात्र त्यांचे ठोके १३० च्या पुढे गेले नाहीत. विश्रांतीत ते ५६ असतात. हातात असलेले अंतर फक्त ७४ ठोक्यांचे. त्या अंतराच्या ४० ते ५९ टक्क्यांना मध्यम श्रम मानले, तर त्यांचा खरा पट्टा सुमारे ८६ ते १०० असा येतो. घड्याळाने मागितलेले १२६ ठोके गाठायचे तर या अंतराचा जवळजवळ ९५ टक्के भाग वापरावा लागेल. ९५ ठोक्यांवर चालताना घड्याळ त्यांना ‘हलके’ म्हणते, आणि त्यांना तर चांगलाच दम लागलेला असतो. गोळीचा डोस किंवा वेळ बदलली, की हा नवा पट्टाही सरकतो.

अशा वेळी श्रमाची जाणीव मोजणे अधिक भरवशाचे ठरते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी बनवली: ६ म्हणजे श्रम मुळीच नाहीत, २० म्हणजे शक्तीची परिसीमा. गंमत अशी, की निरोगी तरुण माणसात या आकड्याची दहापट साधारण नाडीइतकी यावी, असा तिचा बेत होता. बीटा ब्लॉकर नेमके हेच नाते तोडतो, मोजपट्टीचा उपयोग मात्र राहतो, कारण श्रमाची जाणीव मुख्यतः स्नायूंना दिलेल्या आज्ञेच्या जोरावर, श्वासावर आणि पायांतल्या थकव्यावर उभी असते. आपल्या गृहस्थांनी चालताना किंवा सायकलवर १२ ते १३ वर राहावे. तेव्हा पूर्ण वाक्ये बोलता येतात, पण गाणे म्हणता येत नाही.

वजने उचलताना नाडी तशीही कुचकामी असते, कारण सेट संपेपर्यंत ती उशिराने आणि अपुरी बदलते. तिथे १ ते १० ची वेगळी मोजपट्टी वापरतात, आणि ती ‘आणखी किती वेळा उचलता आले असते’ यावर ठरते. तीन वेळा उरले असतील तर ७, दोन उरले असतील तर ८. डंबेल घेऊन बारा स्क्वॉट जेमतेम जमत असतील, तर नऊवर थांबावे. शेवटच्या एक-दोन वेळांना माणूस नकळत श्वास रोखतो, आणि त्याच क्षणी रक्तदाब झपाट्याने चढतो, म्हणून उचलताना श्वास सोडत राहावा. वजनांनंतर सायकल चालवायची असेल तर पाय आधीच थकलेले असतात. नेहमीचा वेग आता १३ ऐवजी १५ वाटेल. अशा दिवशी आकडा धरून वेग सोडावा.

या मोजपट्टीला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे प्रत्यक्ष रक्तदाब. तो यंत्रानेच मोजावा लागतो. छातीत दडपण किंवा भोवळ आली तर तिला कोणताही आकडा द्यायचा नसतो, व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना गाठायचे असते. घड्याळावर मोठा आकडा दिसावा म्हणून व्यायामाच्या दिवशी बीटा ब्लॉकर चुकवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की तो अचानक बंद केल्यास नाडी आणि रक्तदाब दोन्ही उसळू शकतात.