आकडा चार, पण कोणता चार?

सांगलीत मानसिक आरोग्याच्या बाह्यरुग्ण विभागासाठी आत्महत्येच्या जोखमीचा तक्ता करायला आम्ही बसलो, तेव्हा पहिला मसुदा अगदी शाळेच्या गुणपत्रिकेसारखा झाला होता. धोका वाढवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एक गुण द्यायचा, आधार देणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा एक गुण वजा करायचा आणि खाली बेरीज मांडायची. तो मसुदा का टाकून द्यावा लागला, ते एका उदाहरणावरून सांगतो. माणूस कल्पित आहे, पण तासगाव भागात काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

वय ५२, द्राक्ष बागायतदार. एप्रिलमध्ये भावाने त्याला आणलं. माल नेलेला व्यापारी पैसे न देता पसार झालेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं. तीन आठवडे झोप नाही, रोज दारू. ‘माझ्यामुळं घर बुडालं, आता काही सुधारत नाही,’ हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणतो. फवारणीची औषधं घरातच, पलंगाखाली. नऊ वर्षांपूर्वी त्याने स्वतः एकदा आत्महत्येचा प्रयत्न केला होता आणि त्याचे वडील आत्महत्येनेच गेले होते. जमेची बाजू म्हणजे बायकोजवळ तो मन मोकळं करतो, भजनी मंडळात जातो आणि मुलीचं लग्न ठरलेलं आहे.

स्थिर घटक दोन: आधीचा प्रयत्न आणि वडिलांची आत्महत्या. बदलते घटक पाच: झोप, दारू, निराशा, देणी, हाताशी असलेली औषधं. संरक्षक घटक तीन. दोन अधिक पाच वजा तीन, म्हणजे चार.

दहा दिवसांनी तो पुन्हा आला. झोप सुधारली होती, दारू थांबली होती, फवारणीची औषधं भावाच्या वस्तीवर कुलपात गेली होती. म्हणजे बदलते घटक दोनच उरले. पण मधल्या काळात लग्न मोडलं, बायको चिडून माहेरी गेली आणि लाजेपायी याने भजन सोडलं. दोन अधिक दोन वजा शून्य, पुन्हा चारच!

आकडा तोच, पण करायचं काम पार वेगळं. पहिल्या भेटीत झोप, दारू आणि औषधांचा साठा बघायचा होता. दुसऱ्या भेटीत बायकोला फोन करायचा होता. बेरजेने नेमकी हीच माहिती पुसून टाकली. म्हणून नव्या तक्त्यात बेरजेची ओळच नाही, आणि तीन रकाने तीन वेगळे प्रश्न विचारतात.

स्थिर रकाना एकदाच, नीट विचारून भरायचा. त्यात उपचाराने बदलण्यासारखं काही नसतं; या माणसाच्या धोक्याची पातळी मुळात किती वर आहे, एवढंच तो सांगतो. आधीचा प्रयत्न त्यात सर्वांत महत्त्वाचा. बदलता रकाना प्रत्येक भेटीत नव्याने भरायचा आणि प्रत्येक नोंदीसमोर तारीख, काय करायचं आणि कोण करणार हे लिहायचं. समोरची जागा रिकामी राहिली, तर ती नोंद नुसतीच टिपण ठरते. आत्महत्येचे विचार येतात का, हा प्रश्नही इथेच, स्पष्ट शब्दांत छापलेला आहे. असं विचारल्याने डोक्यात नवा विचार घुसतो ही भीती अनेक नर्सनाही असते. अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही.

संरक्षक रकान्याने आम्हाला सर्वांत जास्त छळलं. ‘कुटुंब आहे’ अशी खूण करणं सोपं, पण त्याच कुटुंबावर आपण ओझं झालोय असं त्याला वाटत असेल, तर ती खूण फसवी. म्हणून इथे खूण नाही; ‘तुम्हाला आजवर कशानं थांबवलं?’ असं विचारून रुग्णाचंच वाक्य लिहायचं. ‘पोरीचं लग्न होऊ दे’ असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: ‘आणि लग्नानंतर?’ काही आधारांना मुदत असते.

हा तक्ता भविष्य सांगत नाही. ५० वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा २०१७ मध्ये निघाला, तेव्हा एकेका जोखीम घटकावरून केलेलं भाकीत नाणेफेकीपेक्षा थोडंच बरं निघालं. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तर रुग्णांना कमी, मध्यम, जास्त अशा गटांत टाकूच नका, असं सांगतात. ‘कमी धोका’ असा शिक्का बसला, की पुढचा डॉक्टर प्रश्न विचारायचा थांबतो. मला तरी हे कारण पुरेसं वाटतं.

तळाशी एक वेगळी ओळ ठेवली आहे: पुढे काय बदलू शकतं? शेजारी रात्री-अपरात्री बोलण्यासाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. या माणसाच्या त्या ओळीत दोन नोंदी झाल्या. एक, कर्जवसुलीची नोटीस. दुसरी आमच्या नव्हे, त्याच्या भावाच्या लक्षात आली: ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मग सततच्या फवारण्या, म्हणजे औषधं पुन्हा घरात येणार. कपाटाची किल्ली तेव्हा कोणाकडे राहील, हे एप्रिलमध्येच लिहून ठेवलं.