दुसरी ओळ काय वाढवते? हिब्रू कवितेतील जोडओळी मराठीत आणताना

हिब्रू बायबलमधली कविता यमकावर उभी नाही. ती उभी आहे ओळींच्या जोड्यांवर. एक छोटी ओळ, बहुधा तीन ठसठशीत शब्दांची, आणि तिला लगेच जोडून तेवढीच दुसरी. दुसरी ओळ पहिलीशी नाते सांगते, पण तिचे शब्द वेगळे असतात. इंग्रज अभ्यासक रॉबर्ट लोथ यांनी १७५३ साली ऑक्सफर्डमधली आपली लॅटिन व्याख्याने छापली आणि या रचनेला ‘समांतरता’ हे नाव रूढ झाले. त्यांनी तीन प्रकार पाडले: समान अर्थाची जोडी, विरुद्ध अर्थाची जोडी आणि जिथे दुसरी ओळ पहिलीचे वाक्य पुढे नेते अशी जोडी. या वर्गवारीतल्या पहिल्या प्रकाराने अनुवादकांचे बरेच नुकसान केले. ‘समान अर्थ’ म्हटले की दुसरी ओळ फालतू वाटू लागते. मग कोणी दोन्ही ओळी एकाच वाक्यात मिसळतो, तर कोणी तेच शब्द पुन्हा घालून मोकळा होतो. १९८१ मध्ये बायबलचे अभ्यासक जेम्स कुगेल यांनी यावर नेमके बोट ठेवले. त्यांच्या मते ही रचना ‘असे आहे, आणि शिवाय असेही आहे’ या चालीची असते. दुसरी ओळ काहीतरी वाढवतेच.

हे तपासायला बायबलच्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र ११४ उत्तम. आठच कडवी, आणि प्रत्येक कडवे म्हणजे एक जोडी. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री हग्गादा हे विधीचे पुस्तक वाचताना जेवणाआधी हे स्तोत्र म्हणतात. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली, म्हणजे या ओळींना मराठीचा सहवास जुना आहे.

पहिल्या जोडीत इस्राएल मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघतो आणि ‘याकोबाचे घराणे परक्या बोलीच्या लोकांतून’. इस्राएल आणि याकोबाचे घराणे एकच. मिसर आणि परक्या बोलीचे लोकही एकच. पण पहिली ओळ नकाशावरची जागा सांगते आणि दुसरी तिथे राहणे कसे होते ते सांगते: आजूबाजूला आपली भाषा कोणाच्या तोंडी नाही. ‘मिसर देशातून, परदेशातून’ असे केले की हा अनुभव गेला.

तिसऱ्या कडव्यात चूक आणखी महाग पडते. समुद्राने पाहिले आणि तो पळाला, यार्देन नदी माघारी फिरली. दोन्हीकडे पाणी मागे हटते म्हणून ‘समुद्र आणि नदी मागे सरले’ असे सपाट करण्याचा मोह होतो. पण समुद्र फाटला तो मिसरातून निघताना आणि यार्देन थांबली ती कनान देशात शिरताना. बायबलच्या कथेत मध्ये चाळीस वर्षांची वाळवंटातली भटकंती आहे. कवी ती दोन ओळींमधल्या जागेत ठेवतो. ओळी एक झाल्या की चाळीस वर्षे गळतात.

आता मराठीची खरी अडचण. हिब्रूत क्रियापद बहुधा लवकर येते आणि दुसऱ्या ओळीत अनेकदा गाळले जाते; ऐकणारा ते पहिल्या ओळीतून उचलतो. चौथ्या कडव्यात शब्दशः असे आहे: ‘डोंगर नाचले एडक्यांसारखे, टेकड्या कोकरांसारख्या’. मराठी क्रियापद शेवटी ठेवते. ‘डोंगर एडक्यांसारखे नाचले, टेकड्या कोकरांसारख्या’ असे लिहिले तर पहिली ओळ तिथेच मिटते आणि दुसरी लोंबकळते. म्हणून अनुवादक ‘नाचल्या’ पुन्हा घालतो, आणि तिथेच पुनरुक्ती शिरते. उपाय दोन पायऱ्यांचा आहे. आधी क्रियापद ओळीच्या मध्यावर आणायचे. मग लिंगाची पंचाईत पाहायची: ‘नाचले’ डोंगरांना चालते, टेकड्यांना नाही. वाचणारा मनात ‘नाचल्या’ असा बदल करून घेतो, पण मोठ्याने म्हणताना खटका जाणवतो. त्याऐवजी क्रियापदाला तिसऱ्याच शब्दाशी बांधावे:

डोंगरांनी मारल्या उड्या एडक्यांसारख्या,
टेकड्यांनी कोकरांसारख्या.

‘मारल्या’ आता उड्यांशी जुळते, त्यामुळे दुसऱ्या ओळीत न उच्चारताही ते बरोबर बसते. शिवाय डोंगरापेक्षा टेकडी लहान आणि एडक्यापेक्षा कोकरू लहान, हे मापही टिकते. ‘मेंढरांसारख्या’ म्हटले की ते बिघडते.

पाचव्या-सहाव्या कडव्यात कवी समुद्र, नदी, डोंगर, टेकड्या यांना थेट विचारतो की तुम्हाला झाले काय. इथे तो तिसऱ्या-चौथ्या कडव्यातले शब्द मुद्दाम जवळजवळ तसेच वापरतो. ही समांतरता नव्हे, ही पुनरुक्तीच आहे, आणि ती हवी आहे. म्हणून वर ‘पळाला’ असेल तर इथेही ‘पळतोस’ हवे, ‘धावतोस’ नको. वर ‘उड्या’ तर इथेही ‘उड्या’. वैविध्याच्या हौसेने इथे शब्द बदलणारा अनुवाद मला वरच्या पुनरुक्तीइतकाच चुकीचा वाटतो. काम सुरू करण्याआधी मूळ मजकुरात कुठला शब्द खरोखर परत आला आहे त्यावर खूण करावी. तेवढेच शब्द मराठीत परत यावेत, बाकीचे नाहीत.

‘आणि’चेही असेच. या स्तोत्रात एकाही जोडीच्या दुसऱ्या भागाची सुरुवात ‘आणि’ने होत नाही. मराठीत मात्र तो सहज घुसतो आणि दोन ओळींची यादी होते. साधा स्वल्पविराम पुरतो. दोन्ही ओळी एकाखाली एक छापणेही गरजेचे, कारण एकाच ओळीत जवळ आलेले समानार्थी शब्द मराठी कान ‘कामधंदा’, ‘सणवार’ अशा जोडशब्दासारखे एकत्र गिळतो.

दुसऱ्या कडव्यात एक सापळा आहे: ‘यहूदा झाला त्याचे पवित्रस्थान, इस्राएल त्याचे राज्य’. ‘त्याचे’ म्हणजे कोणाचे? देवाचे नाव अजून आलेलेच नाही. अनेक अनुवाद इथेच ‘देवाचे’ घालून मदत करतात आणि कविता फोडतात. कारण पाचव्या कडव्यातल्या प्रश्नाचे उत्तर कवीने सातव्यासाठी राखून ठेवले आहे, आणि तेही जोडीतच टप्प्याटप्प्याने: ‘प्रभूसमोर थरथर काप, पृथ्वी, याकोबाच्या देवासमोर’. आधी नुसता प्रभू, मग कोणाचा ते. दुसऱ्या कडव्यात ‘त्याचे’ हेच राहू द्यावे.

शेवटची जोडी सगळ्यात घट्ट आहे. तोरा म्हणजे हिब्रू बायबलची पहिली पाच पुस्तके; त्यातल्या पाचव्या पुस्तकात (८:१५) ‘चकमकीच्या खडकातून’ पाणी निघाल्याचा उल्लेख येतो. कवीने तो एक शब्दसमूह फोडून खडक पहिल्या ओळीला दिला आणि चकमक, म्हणजे ठिणगी पाडणारा कठीण दगड, दुसरीला. त्याबरोबर तळे वाहता झरा झाले. दगड अधिक कठीण होतो आणि पाणी अधिक जिवंत. ‘पाणी’ हा शब्द मात्र दोन्ही ओळींच्या शेवटी तसाच उभा आहे. भूतकाळ वापरला तर मराठीत ‘तळे केले’ आणि ‘झरा केला’ असा लिंगाचा खटका पुन्हा येतो. पण मूळ रूप ‘करणारा’ या अर्थाचे आहे, त्यामुळे वर्तमानकाळ अर्थालाही धरून आहे आणि व्याकरणालाही सोयीचा:

जो खडकाचे करतो तळे पाण्याचे,
चकमकीच्या दगडाचा झरा पाण्याचा.

‘करतो’ कर्त्याशी जुळत असल्याने दुसऱ्या ओळीत ते गाळता येते. ‘पाण्याचे’ आणि ‘पाण्याचा’ एवढा फरक राहतो. हिब्रूत दोन्हीकडे ‘मायिम’ अगदी सारखेच आहे. ओळी मोठ्याने म्हणून पाहिल्या तर तो फरक कानाला टोचत नाही, म्हणून मी तो तसाच ठेवीन.